रात्रीचा भात

खंडेराव मामांच्या नातवाचं, स्वराजचं, बारसं झालं त्या दिवशी दुपारी बारापर्यंत चौतीस माणसं ओकत होती. कुणी मागच्या मोरीत, कुणी द्राक्षाच्या बागेच्या कडेला. रिक्षा मिळेनात, म्हणून भाजीच्या टेम्पोत घालून म्हाताऱ्यांना नाशिकच्या दवाखान्यात न्यावं लागलं. त्यात मामांची बहीण लंकाबाईही होती. तिला दोन दिवस सलाईन लावावं लागलं.

नाश्त्याला दोनच पदार्थ होते, इडली आणि दहीभात. इडलीचं पीठ लंकाबाईच्या धाकट्या सुनेचं, छायाचं. दहीभात थोरल्या सुनेचा, उज्वलाचा. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे जमले तेव्हा उज्वलाने सगळ्यांसमोर सांगितलं, की छायाच्या पिठाला सकाळीच वास येत होता, पण आपण धाकटीला कसं बोलावं म्हणून गप्प राहिलो.

छायाने स्वतः पाच इडल्या खाल्ल्या होत्या आणि तिला काहीच झालं नव्हतं. हे तिने दोनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. नवरा, महेश, खाली मान घालून उभा राहिला.

नाशिकच्या द्वारका भागामागच्या सोसायट्यांमध्ये छायाची इडलीच्या पिठाची चाळीस घरं होती. ती रोज संध्याकाळी ताजं पीठ पोहोचवायची. पाच वर्षं तिने ती घरं एकेक करून जोडली होती. महिनाभरात त्यांतली तीन उरली, मग तीही गेली. लंकाबाई दवाखान्यातून घरी आली. तिने छायाने पुढे केलेला पाण्याचा तांब्या बाजूला सारला.

"तुझ्या हातचं पानी नगं मला," ती म्हणाली. "उज्वला देईल."

दोन्ही भावांची घरं एकाच अंगणात होती. त्या दिवसापासून लंकाबाईचं ताट थोरल्या घरातून येऊ लागलं. पाठोपाठ छायाची गिऱ्हाइकंही थोरल्या घरी गेली, कारण उज्वलाने पीठ विकायला सुरुवात केली होती. वाटण्याचा मोठा दगडी ग्राइंडर छायाचाच होता. तो वापराविना पडून आहे म्हणून उज्वलाचा नवरा हर्षल उचलून घेऊन गेला. महेशनेही उचलायला हात लावला.

छाया रडली नाही. तिने गंगापूर रोडकडच्या एका कॉलेजात नोकरी धरली. अन्नतंत्र शिकवतात त्या विभागाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची, टेबलं पुसायची, सामान लावायचं. तिथल्या निकिता मॅडम शिकवत असताना ती मागे भांडी विसळत असायची. पहिले तीन महिने तिला काही कळलं नाही. चौथ्या महिन्यात एक दिवस तिने नळ बंद केला आणि ऐकत उभी राहिली.

मॅडम भाताबद्दल बोलत होत्या. तांदळावर एका जंतूची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला की तो मधोमध रात्रभर कोमट राहतो, आणि तिथे ती बीजं जागी होऊन वाढतात. वाढताना विष सोडतात. भाताला ना वास येतो, ना चव बदलते. पुन्हा गरम केलं तरी ते विष जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात, फार तर पाच-सहा तासांत, उलट्या सुरू होतात.

वर्ग सुटल्यावर छायाने मॅडमना बारशाची हकीकत सांगितली. नाव कुणाचं घेतलं नाही.

"इडली वाफेवर वीस मिनिटं शिजते आणि लगेच खाल्ली जाते," मॅडम म्हणाल्या. "पीठ आंबट असेल तर हा जंतू त्यात फारसा वाढतही नाही. मला भाताचा संशय येतो. पण तपासणीला काही ठेवलं नव्हतं, तेव्हा छातीठोकपणे सांगता येणार नाही. कुणी काय खाल्लं होतं, ते आठवतंय का कुणाला?"

छायाने ते आठवायला नव्हे, विचारायला सुरुवात केली. लग्नात, दहाव्याला, बाजारात, जिथे कुणी नातेवाईक भेटेल तिथे सहज बोलता बोलता. दहीभाताला मिरचीची फोडणी होती, ती मुलांना तिखट लागते म्हणून नुसत्या इडल्या खाल्लेली सात पोरं होती. एकही आजारी पडलं नव्हतं. खंडेराव मामा पाहुण्यांना आणायला चांदवडला गेले होते. ते उशिरा आले तेव्हा इडल्या संपल्या होत्या, त्यांनी नुसता दहीभात खाल्ला आणि सगळ्यांत जास्त उलट्या त्यांनाच झाल्या. असं करत करत तीन वर्षांत तिच्याकडे एकतीस माणसांचा हिशेब जमला. दहीभात न खाल्लेलं कुणीच आजारी पडलं नव्हतं.

तिने हे कुणालाही सांगितलं नाही. महेशलाही नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, आता तीन वर्षांनी अक्कल आली. आणि खरं सांगायचं तर तिला नुसतं खरं ठरायचं नव्हतं. उज्वलाने ज्या तोंडाने ते सांगितलं होतं, त्याच तोंडाने, त्याच माणसांसमोर ते परत घ्यायला हवं होतं. भांडी धुताना ती तो प्रसंग मनात रचायची. दर वेळी उज्वला जास्त रडायची.

इकडे उज्वलाचा धंदा वाढला. पिठासोबत ती बाटल्यांतून तांदळाची आंबील विकू लागली. बाटलीवर कागद होता, 'जिवंत आंबील'. मोबाइलवर ती व्हिडिओ टाकायची. आपल्या आंबिलीत कोट्यवधी जिवंत जिवाणू आहेत, त्याने पित्त जातं, गुडघे दुखायचे थांबतात, साखर उतरते. इडलीबद्दलही तेच सांगायची, की एका इडलीत इतके जिवाणू पोटात जातात.

छायाने तो व्हिडिओ मॅडमना दाखवला. मॅडम हसल्या. इडली उकडली की त्यातले जिवाणू मरतात, त्या म्हणाल्या. त्यांचं काम आधीच झालेलं असतं. पीठ हलकं होतं, पचायला सोपं होतं, डाळ-तांदळातलं लोह अंगाला जास्त लागतं. तेवढं खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. आंबील नीट आंबवून, न उकळता प्यायली तर जिवंत जिवाणू पोटात जातात, काहींच्या पोटाला बरंही वाटतं. पण किती जातात, किती टिकतात, हे घरच्या भांड्यातून कुणी सांगू शकत नाही.

"आणि साखर?" छायाने विचारलं.

"तांदूळच तो. साखर उतरवेल कशी? ते ऐकून कुणी गोळ्या बंद केल्या तर जिवाशी खेळ आहे."

छायाने हे मुद्दाम विचारलं होतं. आदल्या आठवड्यात महेशने तिला सांगितलं होतं, की आई दोन महिन्यांपासून साखरेच्या गोळ्या घेत नाही. रोज सकाळी उज्वलाची आंबील पिते आणि म्हणते, बरं वाटतंय. तुझ्या मॅडमना एकदा विचार, असं महेश म्हणाला होता. तिने सासूचं सांगितल्यावर मॅडमनी स्पष्ट म्हटलं होतं, आजच्या आज त्यांना गोळ्या सुरू करायला सांगा.

छाया घरी आली. लंकाबाई अंगणात खाटेवर बसून मेथी निवडत होती. छाया तिच्या पुढ्यातून गेली. पाण्याचा तांब्या तिला आठवला. रात्री महेशने विचारलं तेव्हा ती म्हणाली, मॅडम रजेवर आहेत, आल्या की विचारते. त्यानंतर त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने काहीतरी सांगून वेळ मारून नेली. लंकाबाईची साखर वाढली तर वाढू दे, म्हणजे उज्वलाच्या आंबिलीचं पितळ उघडं पडेल, असं तिच्या मनात होतं.

तीन आठवडे असेच गेले. एप्रिलमध्ये खंडेराव मामांच्या मुलीचा, तेजलचा, साखरपुडा ठरला. मामांच्याच मळ्यात मांडव घातला. नाश्त्याचं काम उज्वलाला दिलं होतं, इडली-चटणी आणि उन्हाळा म्हणून गार आंबील. आदल्या दिवशी सांगावा आला, की नवऱ्याकडची माणसं ऐंशी नाही, दीडशे येणार आहेत. उज्वलाला हात कमी पडू लागले. तिने स्वतः येऊन छायाला म्हटलं, सकाळी चटणी वाटायला येशील का. छाया लगेच हो म्हणाली.

सकाळी सात वाजता ती मांडवामागच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात शिरली. उज्वला एकटी होती, घामाने निथळत होती. दोन मोठी पातेली पिठाची, दोन आंबिलीची.

पिठाचं पहिलं पातेलं चांगलं होतं. फुगलेलं, आत बुडबुडे, आंबट स्वच्छ वास. वर थोडं पाणी सुटलं होतं, ते ढवळलं की मिसळतं. दुसऱ्याचं झाकण छायाने उचललं. काठाला बोटभर जागेत गुलाबी-केशरी डाग पडला होता आणि पळी उचलली की पीठ तारेसारखं लोंबत होतं. उज्वलाने झटकन पुढे होऊन डागाचा भाग चमच्याने खरवडून टाकला आणि पीठ ढवळून टाकलं.

"वरचं होतं नुसतं," ती म्हणाली.

छायाला माहीत होतं, की डाग दिसतो तेव्हा ते आतवर पसरलेलं असतं. असं पीठ अख्खं टाकायचं असतं. ती काही बोलली नाही. तिने आंबिलीकडे पाहिलं. एका पातेल्यातली तीन दिवस मुरवलेली, आंबट वासाची, खरी आंबील होती, पण साठ-सत्तर पेल्यांपुरतीच. दुसऱ्या पातेल्याशेजारी भात शिजवायची रिकामी डेग पडली होती. छायाने आत हात घातला. बुडाला चिकटलेला भात अजून कोमट होता. बाजूला मिक्सर, विकतच्या ताकाच्या पिशव्या आणि लिंबूसत्त्वाची पुडी.

तिला सगळं कळलं. रात्री भात शिजवून झाकून ठेवला, सकाळी तो वाटला, ताक घातलं आणि आंबटपणा पुडीतून आणला. आंबवण लवकर आंबट झालं तर जंतू दबतात, पण रात्रभर कोमट राहिलेल्या भातात विष आधीच तयार झालं असेल तर सकाळी घातलेलं लिंबूसत्त्व काय करणार?

छाया पाटावर बसून खोबरं किसू लागली. आता तिला काहीच करायचं नव्हतं. नऊ वाजता पाहुणे आंबील पितील. अकरा-बाराला सुरू होईल. आणि या वेळी डॉक्टरला भाताचं सांगायला ती स्वतः दवाखान्यात असेल. तिने डोळ्यांसमोर उज्वलाला व्हरांड्यात उभं केलं. नवऱ्याकडची माणसं, तेजलचा मोडलेला साखरपुडा, मामांचा हात उगारलेला. किसणीवर तिचा हात जोरात चालू लागला. बाहेर तेजल हसत होती, कुणीतरी तिचे केस बांधत होतं. तो आवाज छायाला नीट ऐकू येत होता, आणि तरी ती उठली नाही.

ती उठली ती वेगळ्याच विचाराने. आज ती या स्वयंपाकघरात होती. माणसं आजारी पडली की उज्वला काय म्हणेल? चटणी छायाने वाटली. पुन्हा तेच. पुन्हा सगळे मान डोलावतील.

तेवढ्यात लंकाबाई दारात आली. एका पायाने जरा लंगडत होती. खुर्ची ओढून बसली आणि नेहमीसारखं म्हणाली, "दे गं उज्वला, माझा पेला."

खऱ्या आंबिलीचं पातेलं हर्षल नुकतंच मांडवात घेऊन गेला होता. छायाने पेला घेतला, उरलेल्या पातेल्यात बुडवला, काठोकाठ भरला आणि उज्वलाच्या हातात दिला.

"द्या ना आईंना, ताई," ती म्हणाली.

उज्वला पेला धरून उभी राहिली.

"बाहेरची आणते," ती म्हणाली. "ती जास्त गार आहे."

"हीच द्या. पाहुण्यांना हीच देणार आहात ना?"

उज्वलाने पेला खाली ठेवला.

"मग तुम्ही प्या," छाया म्हणाली. "एक घोट. मी मांडवात जाऊन मामांना बोलावते, त्यांच्यासमोर प्या."

लंकाबाई दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिने हात लांब करून पेला उचलला. उज्वलाने तो तिच्या हातातून इतक्या झटक्यात ओढला, की अर्धी आंबील लंकाबाईच्या लुगड्यावर सांडली.

"नका पिऊ, आई. रात्रीचा भात आहे तो."

"मंग काय झालं? रात्रीचा भात आमी जलमभर खाल्लाय."

"सांगा, काय झालं ते," छाया म्हणाली. "बारशाच्या दहीभाताला काय झालं होतं, तेही सांगा. नाहीतर मी जाते चटणी घेऊन, आणि वाढू दे हर्षलभाऊंना हे पातेलं. मी थांबवणार नाही."

ती खरंच थांबवणार नव्हती. उज्वलाने तिच्याकडे पाहिलं आणि तिलाही ते कळलं. ती मटकन पोत्यावर बसली. मग हळूहळू बोलू लागली. बारशाच्या आदल्या संध्याकाळी तिने भात शिजवून झाकून ठेवला होता, सकाळी घाई नको म्हणून. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन पहिला प्रश्न विचारला होता, भात कधी शिजवला. ती म्हणाली होती, सकाळी. डॉक्टरांच्या प्रश्नावरूनच तिला कळून चुकलं होतं. बाहेर आली तर सगळे तोंडाकडे बघत होते, आणि समोर छाया उभी होती.

"मग आज परत तेच का केलंत?" छायाने विचारलं.

"दर वेळी होत नाही गं. ऐंशीचे दीडशे झाले. काय करू मी?"

छायाने मामांना बोलावलं. हर्षल आला, महेश आला, मामी आली. उज्वलाला तेच पुन्हा सांगावं लागलं. मध्येच ती थांबली की छाया म्हणायची, पुढे सांगा. डॉक्टरला काय सांगितलंत तेही सांगा. माझ्या पिठाला वास येत होता का, तेही सांगा. मामी म्हणाली, पुरे गं छाया, पाहुणे यायची वेळ झाली. छायाने ऐकलं नाही. शेवटचं वाक्य उज्वलाच्या तोंडून निघेपर्यंत ती दार अडवून उभी राहिली. "नव्हता येत वास," उज्वला म्हणाली.

मामांनी डागाचं पीठ आणि भाताची आंबील मळ्याच्या टोकाला खड्डा करून ओतायला लावली, गुरांच्या तोंडीही लागू नये म्हणून. महेशने टेम्पो काढून पोहे, रवा आणला. चांगल्या पिठाच्या इडल्या आणि उपमा, एवढ्यावर नाश्ता झाला. साखरपुडा वेळेवर झाला. पाहुण्यांना काही कळलं नाही.

छाया तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिने द्वारकेच्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेकीला फोन लावून सगळं सांगितलं. बाटलीतल्या आंबिलीत पुडीतला आंबटपणा असतो, हेही सांगितलं, जरी तो तिने एकाच दिवशी पाहिला होता. आठवड्यात उज्वलाचा धंदा बसला. ग्राइंडर परत आला. उज्वला तिच्या दारात आली, उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, चुकलं माझं. छायाने आत जाऊन दार लावून घेतलं. कडी घालताना तिला फार बरं वाटलं.

लंकाबाईच्या पायाचं त्याच आठवड्यात लक्षात आलं. चप्पल लागून करंगळीशेजारच्या बोटाला फोड आला होता, दुखत नव्हता म्हणून तिने कुणाला दाखवला नव्हता. बोट काळं पडलं होतं. दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत. तिसऱ्या दिवशी बोट काढलं.

घरी सगळ्यांनी उज्वलाच्या आंबिलीला दोष दिला आणि तो खोटा नव्हता. महेश एकदाच म्हणाला, तुझ्या मॅडम रजेवरून लवकर आल्या असत्या तर. छाया भात वाढत होती. तिचा हात थांबला. मग तिने डाव पुन्हा भातात घातला.

आता लंकाबाईचं ताट छायाच्या घरून जायचं. ती छायाच्या हातचं पाणी प्यायची, गोळ्या घ्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, की धाकटीवर आपण लय अन्याय केला. हे ऐकायला छाया तीन वर्षं थांबली होती. ते रोज कानावर पडू लागलं तेव्हा मात्र ती उठून आत जाऊ लागली. एका दुपारी पट्टी बदलताना तिने सांगून टाकलं. मॅडम रजेवर नव्हत्या. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, गोळ्या सुरू करा. मी तीन आठवडे गप्प राहिले.

लंकाबाईने पाय मागे घेतला नाही.

"का?" तिने विचारलं.

"तुम्ही पाणी नाकारलं होतं."

पट्टी बांधून झाली. लंकाबाई म्हणाली, "उज्वलाला हाक मार. म्हनावं, सासूने बोलावलंय."

छाया उठली. अंगण ओलांडून थोरल्या घराच्या दाराशी गेली. महिनाभर ती त्या दारात गेली नव्हती. आत उज्वला भांडी लावत होती. तिला पाहून छायाच्या मनात पुन्हा तोच जुना राग उसळला, जराही कमी झालेला नव्हता. तिने दाराची चौकट धरली आणि म्हणाली, "ताई, आई बोलावतायत. आपल्या दोघींना."